इलेक्ट्रिशियनच्या मॉक मुलाखतीत गुण कशाला द्यायचे

प्रश्न: मी नागपूरच्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवते. कंपन्यांच्या मुलाखतींआधी आम्ही २० मुलामुलींची मॉक मुलाखत घेतो. परीक्षक तिघं असतात. संवाद १०, ज्ञान १०, व्यावसायिक वागणूक १० असे गुण देतो. या वेळी एकाच मुलाला संवादात एका परीक्षकाने ८ दिले, दुसऱ्याने ३. मुलाने विचारलं, "मॅडम, मंग मी सुधारू काय?" मला सांगता आलं नाही. गुणपत्रक नीट कसं बनवावं?

उत्तर:

मॅडम, ८ आणि ३ देणारे दोन्ही परीक्षक आपापल्या जागी प्रामाणिक असणार. "संवाद, १० पैकी" एवढंच लिहिलेलं असलं की प्रत्येक जण त्या जागेत स्वतःच्या मनातलं काहीतरी भरतो. एकाने मुलाचं इंग्रजी ऐकलं, दुसऱ्याने त्याचं म्हणणं समजलं का ते पाहिलं. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आणि एकाच रकान्यात लिहिल्या. त्यामुळे मुलाला काय सुधारायचं ते सांगता येत नाही, कारण ३ कशाचे हे कागदावर कुठेच नाही.

मी बरीच वर्षं हिंगणा एमआयडीसीत देखभाल विभागात काम केलं. तिथे अप्रेंटिस निवडताना मुलाखती घेतल्या आणि नंतर आयटीआयच्या मॉक मुलाखतींना बाहेरचा परीक्षक म्हणून बसत आलो. सुरुवातीला मीही तुमच्यासारखंच पत्रक वापरायचो. आता वापरतो ते एका अनुभवातून बनलं, म्हणून तो अनुभव आधी सांगतो.

एका आयटीआयमध्ये आम्ही तिघं बसलो होतो. काटोलकडचा एक मुलगा आला. बसने आला होता, घामाघूम, आवाज बारीक, नजर टेबलावर. मी विचारलं, "१० एचपीची तीन फेज मोटर आहे. सकाळी स्टार्टर दाबला तर फिरत नाही, नुसती गुणगुणते. तुला बोलावलं. काय करशील?" तो म्हणाला, "सर, पहिले ते बंद करीन. स्टॉप दाबून मेन स्विच खाली. नाई तर वाइंडिंग जळते. मंग फ्यूज काढून खिशात ठेवीन, म्हणजे कोणी चालू नाई करनार. मंग टेस्टरनं पाह्यतो करंट हाय का. मंग हातानं शाफ्ट फिरवून पाह्यतो, जाम हाय का. फिरला तं एक फेज गेली असन."

त्याच्या नंतर शहरातला एक मुलगा आला. इस्त्रीचे कपडे, हसतमुख, नजरेला नजर. तोच प्रश्न. "सर, सर्वप्रथम मी प्रॉब्लेम अ‍ॅनालाइज करीन. टर्मिनल बॉक्स उघडून मल्टिमीटरने तिन्ही फेजचं व्होल्टेज चेक करीन, ते ठीक नसेल तर कॉन्टॅक्टर, तोही ठीक असेल तर ओव्हरलोड रिले. स्टेप बाय स्टेप डायग्नोसिस करीन." सहपरीक्षकाने पहिल्याला संवादात ३ आणि ज्ञानात ५ दिले, दुसऱ्याला ९ आणि ८.

दुसऱ्याचं उत्तर पुन्हा वाचून पाहा. मोटर अडकलेली आहे, गुणगुणते आहे, म्हणजे पुरवठा चालू आहे आणि वाइंडिंगमधून नेहमीच्या कितीतरी पट करंट जातो आहे. अशा वेळी हा मुलगा चालू टर्मिनल बॉक्स उघडणार. तोवर मोटर जळेल, नाही तर याचा हात जळेल. त्याला ज्ञानात ८ मिळाले, कारण तो छान बोलला. एका बाबतीतली छाप दुसऱ्या रकान्यात सांडते आणि देणाऱ्याला ते कळतही नाही. पत्रक बनवताना सगळ्यात जास्त बंदोबस्त याचाच करावा लागतो.

माझ्या पत्रकात तीन विभाग आहेत आणि प्रत्येकात तीनच ओळी. प्रत्येक ओळीला ० ते ३ गुण. पाच पायऱ्या ठेवल्या तर सगळे मधल्या पायरीवर जाऊन बसतात. चार असल्या की परीक्षकाला ठरवावंच लागतं. आणि प्रत्येक पायरीसमोर काय दिसलं किंवा ऐकू आलं तर तो गुण, हे वाक्यात लिहिलेलं असतं. "आत्मविश्वास", "व्यक्तिमत्त्व", "स्मार्टनेस", "चांगली छाप" असे शब्द पत्रकात कुठेही नकोत. आत्मविश्वास दिसत नाही. दिसतं ते इतकंच, की मुलाने उत्तर पूर्ण केलं की अर्धवट सोडलं.

संवादात मी पहिल्या ओळीत पाहतो की विचारलं त्याचंच उत्तर आलं का. दुसऱ्या ओळीत, सांगताना क्रम लागतो का, म्हणजे ऐकणारा त्या क्रमाने काम करू शकेल का. तिसऱ्या ओळीत, प्रश्न कळला नाही तर तो विचारतो का. यात भाषा कुठेच नाही, ते मुद्दाम. मुलाला आधीच सांगावं की मराठी, हिंदी, वऱ्हाडी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोल. पॅनेलवर "मंग पाह्यतो" म्हणणाऱ्याचा शटडाउन तेवढाच पक्का असतो. एखाद्या कंपनीला इंग्रजीत ओळख करून देता यायला हवी असेल तर पत्रकाच्या तळाशी वेगळा चौकोन ठेवा: इंग्रजीत स्वतःची ओळख तीन वाक्यांत दिली, हो की नाही. तो चौकोन संवादाच्या गुणांत मिसळू नका.

दुसरी ओळ, म्हणजे क्रम, पायऱ्यांसह कशी लिहितो ते सांगतो, म्हणजे बाकीच्या ओळी तुम्हाला स्वतःच्या बेतता येतील. ०: कृती सांगितल्याच नाहीत, "चेक करीन" एवढंच. १: कृती सांगितल्या, पण आधी काय आणि नंतर काय ते परीक्षकाला विचारून काढावं लागलं. २: क्रम स्वतःहून सांगितला, पण एखादी पायरी मागे जाऊन दुरुस्त केली किंवा गाळली. ३: क्रम स्वतःहून, न गाळता सांगितला, आणि प्रत्येक पायरीनंतर काय दिसलं तर पुढे काय, हेही सांगितलं. काटोलच्या मुलाला इथे २ येतात. "फिरला तं एक फेज गेली असन" यात निष्कर्ष आहे, पण शाफ्ट फिरला नाही तर काय करायचं ते त्याने सांगितलं नाही.

ज्ञानाच्या विभागातली पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची: पहिली कृती काय. दुसरी ओळ तपासाच्या क्रमाची आणि तिसरी "का?" ची. संवादातला क्रम आणि ज्ञानातला क्रम एकच वाटतील, पण तसं नाही. चुकीच्या गोष्टीही माणूस अगदी व्यवस्थित क्रमाने सांगू शकतो. शहरातल्या मुलाने तेच केलं. संवादात पाहायचं ते सांगण्याचा क्रम, ज्ञानात पाहायचं ते तांत्रिकदृष्ट्या क्रम बरोबर आहे का. पहिल्या ओळीच्या पायऱ्या अशा. ०: पुरवठा चालू ठेवून उघडणं, हात लावणं किंवा पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबून पाहणं. १: बंद करीन असं सांगितलं, पण "त्याआधी काही?" असं विचारल्यावर. २: बंद करणं स्वतःहून सांगितलं. ३: बंद केलं, दुसऱ्या कुणी चालू करू नये याची तजवीज केली आणि हात लावण्याआधी पुरवठा खरंच गेला का ते तपासलं.

"त्याआधी काही?" हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा, बरोबर बोललेल्यालाही. नाही तर तो प्रश्न म्हणजे चूक झाल्याची खूण होते, आणि पाचव्या मुलापर्यंत बाहेर व्हरांड्यात ही बातमी पोहोचलेली असते. शहरातल्या मुलाला मी तो विचारला होता. तो म्हणाला, "नाही सर, आधी डायग्नोसिस." म्हणून ०.

या ओळीला एक नियम जोडलेला आहे. इथे ० आला तर बाकी कितीही गुण असोत, पत्रकावर "मुलाखतीसाठी अजून तयार नाही" असंच लिहायचं. एकूण बेरजेत हा ० बुडून जातो, म्हणून नियम बेरजेच्या बाहेर ठेवावा लागतो. मुलाला हे निकाल म्हणून तोंडावर मारायचं नाही. त्याच दिवशी वर्कशॉपमध्ये नेऊन आयसोलेटर बंद करायला, स्वतःचं कुलूप आणि पाटी लावायला, टेस्टर आधी चालू असलेल्या जागी तपासून मग बंद केलेल्या जागी आणि परत चालू जागी तपासायला लावायचं. टेस्टर स्वतःच बिघडलेला असू शकतो, हे मुलांच्या ध्यानात त्यानंतरच पक्कं बसतं. काटोलच्या मुलाने फ्यूज खिशात घालायचं सांगितलं, ती जुन्या मिस्त्रींची पद्धत आहे. कारखान्यात आता कुलूप आणि पाटी मागतात. मी त्याला ३ दिले, कारण तजवीज करण्यामागची समज होती, आणि अभिप्रायात कुलपाचं लिहिलं.

"का?" च्या ओळीसाठी परीक्षकालाही उत्तर पक्कं माहीत हवं, नाही तर तो आवाजाच्या ठामपणावर गुण देतो. माझा ठरलेला उपप्रश्न असा: "एक फेज गेली हे कशाने ओळखशील?" काटोलचा मुलगा म्हणाला, "टेस्टरनं." मी म्हटलं, "मोटरच्या तिन्ही टर्मिनलला टेस्टर पेटला तर?" तो गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "नाई सांगता येत सर."

ही खरीच फसवी जागा आहे. एक फेज वाटेत तुटली असली तरी मोटरच्या त्या टर्मिनलला उरलेल्या दोन फेजकडून वाइंडिंगमधून दाब पोहोचतो. मोटर थांबलेली असताना तो साधारण दोन फेजच्या मधल्या बिंदूइतका असतो, म्हणजे न्यूट्रलपासून सुमारे १२० व्होल्ट. टेस्टरचा दिवा त्यावर पेटतो आणि मुलगा समजतो की तिन्ही फेज आहेत. मल्टिमीटरने दोन-दोन टर्मिनलमध्ये मोजलं तर एका जोडीत ४१५ च्या आसपास दिसतं आणि बाकीच्या दोन जोड्यांत जवळपास निम्मंच. तिथेच फेज गेल्याचं कळतं. पण गुणगुणणाऱ्या मोटरवर असं मोजत बसायचं नाही. ती जळत असते. आधी बंद करायचं, फ्यूज आणि कॉन्टॅक्टरचे संपर्क बंद स्थितीत तपासायचे, आणि पुरवठ्याच्या बाजूचं व्होल्टेज मोजायचं असेल तर ते तसं काम करायची परवानगी असलेल्या माणसासोबत, स्टार्टरच्या आधी. शिकाऊ मुलाने "हे मी सुपरवायझरसोबत करीन" असं म्हटलं तर माझ्या पत्रकात त्याचे गुण कापले जात नाहीत, उलट पूर्ण मिळतात.

या ओळीत काटोलच्या मुलाला १ दिला: वाइंडिंग जळतं हे कारण त्याला माहीत होतं, टेस्टरची मर्यादा नव्हती. शहरातल्या मुलाला २, कारण मल्टिमीटरने जोड्या मोजायच्या हे त्याने बरोबर सांगितलं. त्याला जे येतं त्याचे गुण त्याला मिळालेच पाहिजेत. ० त्याच्या पहिल्या कृतीला आहे, त्याला नाही.

आता वागणूक. इथे परीक्षकांचे पूर्वग्रह सगळ्यात जास्त शिरतात, म्हणून काय मोजायचं नाही ते आधी ठरवा. बुटांची किंमत, दाढी, रंग, आडनाव, गाव, वडील काय करतात, यांपैकी काहीच पत्रकाच्या जवळ येऊ देऊ नका. मुलींना "लग्नानंतर काय?" असं विचारणारा परीक्षक असेल तर त्याला मुलाखतीच्या आधीच थांबवा. मेमध्ये नागपूरच्या उन्हात उमरेडहून किंवा रामटेकहून बसने आलेला मुलगा घामेजलेला असणारच. त्याला पाणी द्या, दोन मिनिटं बसू द्या आणि मग सुरुवात करा. गणवेश आणि सेफ्टी शूज हे कामाचे नियम आहेत, ते पाहायला हरकत नाही, पण तेही संस्थेने आधी सांगितलं असेल तरच.

माझ्या तीन ओळी अशा. पहिली, वेळ आणि कागद. उशीर झाला तर कळवलं का, हे मी उशिरापेक्षा जास्त पाहतो. बस चुकणं मुलाच्या हातात नसतं, फोन करणं असतं. दुसरी, स्वतःच्या कामाबद्दल खरं बोलणं. यासाठी प्रश्न: "वर्कशॉपमध्ये केलेलं एखादं काम सांग. त्यातलं तू स्वतः काय केलंस आणि जोडीदाराने काय?" काटोलचा मुलगा म्हणाला, "स्टार-डेल्टाचं पॅनेल आमच्या तिघांचं होतं सर. पॉवर वायरिंग मी केली. कंट्रोल वायरिंग मित्रानं केली, मी पाह्यली." हे ३. शहरातल्या मुलाने "पूर्ण पॅनेल मी बनवलं" असं सांगितलं आणि टायमर कुठे जोडतात ते विचारल्यावर अडकला. तिथे १, कारण अडकल्यावर तरी त्याने कबूल केलं की तो भाग दुसऱ्याने केला होता. कबूल न करता सारवासारव केली असती तर ०.

तिसरी ओळ दबावाची. प्रश्न असा: "प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, लाइन थांबली आहे, मेन बंद करू नको, चालू असतानाच बघून घे. तू काय म्हणशील?" ०: "साहेब म्हणाले तर करीन," किंवा साहेबांशी भांडण. १: नाही म्हणतो, कारण सांगत नाही. २: नाही म्हणतो, कारण सांगतो. ३: नाही म्हणतो, कारण सांगतो आणि पुढचा रस्ता देतो. काटोलच्या मुलाने टेबलावरून नजर न उचलता सांगितलं, "मी म्हणीन, साहेब पाच मिनिटं द्या, मेन खाली करून पाह्यतो, नाई तं मोटरच जाईन. नाई मानलं तं आमच्या सुपरवायझरले फोन करीन." हे ३. शहरातला मुलगा म्हणाला, "साहेबांना प्रायॉरिटी असते सर, मी हँडग्लोव्हज घालून करून देईन." हे ०. देखभाल विभागात मी माणूस निवडायचो तो या उत्तरावर. पॅनेलवरचं काम दोन महिन्यांत शिकवता येतं. साहेबाला नम्रपणे नाही म्हणायची सवय लावायला त्याहून फार जास्त वेळ लागतो.

आता दोघांची बेरीज. काटोलचा मुलगा: संवाद ३, २, १ म्हणजे ९ पैकी ६, ज्ञान ३, २, १ म्हणजे ६, वागणूक २, ३, ३ म्हणजे ८. शहरातला मुलगा: संवाद २, ३, २ म्हणजे ७, ज्ञान ०, १, २ म्हणजे ३, वागणूक ३, १, ० म्हणजे ४. संवादात शहरातला मुलगा आताही पुढे आहे, आणि ते बरोबरच आहे. फक्त त्याचा संवाद आता दुसऱ्या विभागांत सांडत नाही.

शक्यतो मी तिन्ही आकडे वेगळेच ठेवतो, कारण मुलाला पुढे काय करायचं ते वेगळ्या आकड्यांवरूनच कळतं. संस्थेला एकच आकडा हवा असेल तर ज्ञान दुप्पट धरा, एकूण ३६ होतात. काटोलच्या मुलाचे २६ येतात, शहरातल्या मुलाचे १७ आणि त्यावर "अजून तयार नाही" हा शेरा.

पत्रक कितीही चांगलं असलं तरी तीन परीक्षक ते तीन प्रकारे वाचतात. म्हणून मुलाखतींच्या आधी एक तास काढा. मागच्या वर्षीच्या दोन मुलांची परवानगी घेऊन त्यांची मुलाखत मोबाइलवर चित्रित करा. तिघांनी ती पाहून, एकमेकांशी न बोलता गुण द्यायचे आणि मग पत्रकं शेजारी ठेवायची. एका गुणाचा फरक चालतो. दोनचा फरक ज्या ओळीत आला तिथे प्रत्येकाने मुलाचे कोणते शब्द ऐकून गुण दिला ते वाचून दाखवायचं. बहुतेक वेळा असं निघतं की ओळीचं वाक्यच संदिग्ध आहे, आणि मग गुण न बदलता ते वाक्य बदलायचं. "प्रश्न कळला नाही तर विचारतो" या माझ्या ओळीत असंच झालं होतं. एका परीक्षकाने "सर, परत सांगा ना" याला पूर्ण गुण दिले, दुसऱ्याने १, कारण त्याच्या मते मुलाने नेमकं काय कळलं नाही ते सांगायला हवं होतं. आम्ही पायरी वेगळी केली: "परत सांगा" ला २, "बॅकफीड म्हणजे काय ते कळलं नाही सर" याला ३, गप्प बसून अंदाजाने बोलला तर ०, आणि गप्प बसून शेवटी येत नाही म्हणाला तर १. काटोलच्या मुलाचा १ तिथला आहे.

याचसाठी पत्रकात प्रत्येक ओळीसमोर गुणाआधी एक कोरी जागा ठेवा: मुलाचे शब्द. आधी शब्द लिहायचे, मग आकडा. शब्द नसतील तर आकडा द्यायचा नाही, "विचारलं गेलं नाही" असं लिहायचं. सुरुवातीला परीक्षक कुरकुर करतात की वेळ जातो. जातो, हे खरं. १२ मिनिटं मुलाखत, ३ मिनिटं लिहिणं, ५ मिनिटं मुलाशी बोलणं, असे एका मुलामागे २० मिनिटं. तुमच्या २० जणांना ४०० मिनिटं लागतील, म्हणजे जवळपास पावणेसात तास. एका दिवसात कोंबू नका, दोन दिवस करा. थकलेला परीक्षक शब्द लिहिणं सोडतो आणि पुन्हा छापेवर गुण देऊ लागतो.

दोन दिवस झाले की सगळ्या २० पत्रकांतल्या ओळी एकाखाली एक मांडून पाहा. एखाद्या मुलाच्या नऊच्या नऊ ओळींत एकाच परीक्षकाने २ दिले असतील तर त्याने मुलाकडे नऊदा पाहिलं नाही, एकदाच पाहिलं. एखाद्या ओळीत सगळ्या २० जणांना ३ मिळाले असतील तर ती ओळ काही मोजत नाही. माझ्याकडे "कागद आणले का" या ओळीचं तसंच झालं होतं, म्हणून ती वेळेच्या ओळीत मिसळली. दुपारनंतर गुण सरसकट चढले किंवा उतरले असतील तर जेवणाआधीच्या दोन-तीन मुलांचे लिहिलेले शब्द आणि जेवणानंतरच्यांचे शब्द शेजारी ठेवून वाचा. शब्द सारखे आणि आकडे वेगळे असतील तर आकडे दुरुस्त करा.

या पत्रकाने हाताचं कौशल्य कळत नाही. टर्मिनलला लग नीट दाबतो की नाही, हे तोंडी विचारून समजत नाही, त्याला प्रात्यक्षिकच हवं. मी मुलाखतीच्या टेबलावर एक जळालेला कॉन्टॅक्टर ठेवतो आणि "हे काय आहे, काय झालंय याला?" असं विचारतो. मुलगा तो हातात घेऊन संपर्क कसे पाहतो त्यावरून थोडंफार कळतं, पण ते मी ज्ञानाच्या ओळींतच लिहितो, वेगळं मोजत नाही.

त्या मुलाने विचारलेल्या "मी सुधारू काय?" चं उत्तर शेवटच्या ५ मिनिटांत द्यायचं असतं. त्या वेळी पूर्ण पत्रक वाचून दाखवू नका. त्याचेच शब्द वाचून दाखवा आणि एकच ओळ निवडा, जिथे एक पायरी वर जाणं त्याच्या हातात आहे. काटोलच्या मुलाला मी म्हटलं, "तू म्हणालास 'टेस्टरनं'. तिन्ही ठिकाणी पेटला तर गप्प झालास. मल्टिमीटरने दोन-दोन टर्मिनलमध्ये मोजून बघ, मॅडमसमोर, वर्कशॉपच्या मोटरवर एक फ्यूज काढून." वर्कशॉपमध्ये हे निदेशकाच्या देखरेखीखाली, छोट्या मोटरवर आणि काही सेकंदच करायचं. दहा दिवसांनी दुसरी फेरी घ्या. तेव्हा बिघाड बदला, म्हणजे मोटर सुरू होते पण थोड्या वेळाने ट्रिप होते असं काही, पण ओळी त्याच ठेवा. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर मुलं उत्तर पाठ करून येतात आणि सगळ्यांचे गुण वाढलेले दिसतात. काटोलच्या मुलाला दुसऱ्या फेरीत "का?" च्या ओळीत ३ मिळाले. "न कळलं तर विचारतो" मध्ये १ चे २ झाले: तो थांबला आणि म्हणाला, "सर, परत सांगता का?"